अर्जाचे तीस दिवस, दंडाचे दहा दिवस

सार्वजनिक बांधकाम विभागाची कामं घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या ठेकेदाराच्या कपाटात बी-१ नमुन्याच्या कराराची जाड बांधणी असतेच. निविदा भरताना तिच्यातली दरांची पानं पुन्हा पुन्हा उलटली जातात. अटी-शर्तींची पानं मात्र काम रखडेपर्यंत कुणी उघडत नाही, आणि उघडली जातात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. कारण उशीर झाल्यावर काय करायचं हे ज्या कलमात सांगितलंय, त्या कलमालाच स्वतःची मुदत आहे.

मुदतवाढ मागावी की नाही, हा प्रश्न साइटवर सहसा स्वभावाचा म्हणून सोडवला जातो. कुणाला वाटतं, अर्ज दिला म्हणजे आपणच उशीर कबूल केला. कुणाला साहेबांचं मन दुखवायचं नसतं. पुष्कळांचा भरवसा ‘शेवटच्या बिलाच्या वेळी सगळं एकदम टाकू’ यावर असतो. खरं तर हा प्रश्न करारातल्या तीन-चार कलमांना एकत्र वाचून सोडवायचा आहे. ती कलमं बांधणीत दूर दूर छापलेली असतात आणि एकमेकांचा उल्लेखही फारसा करत नाहीत. साइटवरच्या एकाच घटनेला मात्र ती सगळी एकदम लागू होतात.

पहिलं कलम २, म्हणजे दंडाचं. कामाची मुदत कार्यारंभ आदेशात दिलेल्या तारखेपासून मोजायची, असं ते सांगतं. जागा प्रत्यक्ष कधी ताब्यात मिळाली, हे त्यात मोजलं जात नाही. मुदतीच्या पाव भागात पाव काम, अर्ध्या भागात अर्धं, पाऊण भागात पाऊण, असे टप्पेही त्यात आहेत. काही निविदांत त्यांच्या जागी महिनावार कार्यक्रम दिलेला असतो. टप्पा चुकला किंवा शेवटची तारीख उलटली, की अपुऱ्या राहिलेल्या प्रत्येक दिवसाला निविदेत दाखवलेल्या संपूर्ण कामाच्या अंदाजित किमतीच्या एक टक्का, किंवा अधीक्षक अभियंता ठरवतील ती त्याहून कमी रक्कम, भरपाई म्हणून द्यायची. एकूण भरपाई अंदाजित किमतीच्या दहा टक्क्यांच्या वर जाणार नाही.

हे आकड्यांत मांडलं की कलमाचा खरा स्वभाव दिसतो. काम तीन कोटींचं असेल तर दिवसाला तीन लाख. दहाव्या दिवशी तीस लाख होतात आणि मर्यादा गाठली जाते. अकराव्या दिवसापासून पुढे दंड वाढतच नाही. दहा दिवस उशीर झालेला आणि दीडशे दिवस उशीर झालेला, दोघंही पूर्ण दराने धरले तर एकाच रकमेचे देणेकरी ठरतात. शिवाय टक्का मोजायचा तो संपूर्ण कामावर. इमारत उभी राहिली, फक्त रंग आणि दरवाजे राहिले, तरी रोजची रक्कम तीच. हे लक्षात घेतलं नाही, तर पुढचा सगळा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहतो. जितके दिवस वाचवू तितका दंड वाचेल, असं या करारात सरळ घडत नाही.

दुसरं कलम ६, मुदतवाढीचं. ठेकेदाराला अपरिहार्य अडथळा आला असेल, किंवा अन्य काही कारण असेल, तर त्याने कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज करायचा. कधीपर्यंत, तर मूळ मुदत संपण्यापूर्वी किंवा अडथळा आल्याच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. ‘जे आधी येईल’ हे शब्द डोळ्यांखालून निसटतात. बहुतेकांच्या डोक्यात फक्त पहिला भाग असतो, की मुदत संपायच्या आत अर्ज गेला म्हणजे झालं. आणि तीस दिवस मोजायचे ते अडथळा आला त्या दिवसापासून. अडथळा दूर झाला त्या दिवसापासून मोजणारा ठेकेदार जवळपास प्रत्येक वेळी मुदत चुकवतो.

तिसरं कलम १४, बदलांचं. प्रभारी अभियंत्याला नकाशात, तपशिलात, संकल्पनात बदल करण्याचा किंवा भर घालण्याचा अधिकार ते देतं. अशा बदलाने करार मोडत नाही. वाढीव काम ठेकेदाराने करायचं, आणि बदलामुळे खर्चात जी वाढ झाली तिचं मूळ कामाच्या खर्चाशी जे प्रमाण असेल, त्या प्रमाणात मुदत वाढते. ते प्रमाण किती, याबद्दल प्रभारी अभियंत्याचा दाखला निर्णायक. याला जोडून कलम ३८ वाचायचं. निविदेतली परिमाणं अंदाजे आहेत, आणि एखाद्या बाबीचं परिमाण पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढल्याशिवाय, शिवाय त्या मर्यादेवरच्या वाढीची किंमत कलमात दिलेल्या रकमेपलीकडे गेल्याशिवाय, तिचा दर बदलत नाही, असं ते म्हणतं. म्हणजे दराची दारं ३८ मध्ये आणि वेळेचं दार १४ मध्ये. साइटवर दोन्हींना एकाच नावाने ‘एक्स्ट्रा’ म्हटलं जातं, त्यामुळे जादा बाबीच्या दराचा प्रस्ताव गेला की वेळेचाही गेला, असा समज होतो. तसं नसतं. दरपत्रक मंजूर होऊन पैसे मिळाले आणि मुदतवाढीचा कागदच नाही, अशी प्रकरणं नेहमीची आहेत.

आता एक काम समोर ठेवू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी घडणारी आहे. कार्यालयाची इमारत, अंदाजित किंमत तीन कोटी, मुदत पावसाळा धरून बारा महिने. कार्यारंभ आदेश १० ऑक्टोबर २०२२ चा, म्हणून काम संपायचं ९ ऑक्टोबर २०२३ ला.

जागेवर जुन्या खोल्या उभ्या होत्या. त्या पाडण्याची परवानगी विभागाकडेच अडकली आणि मोकळी जागा ताब्यात आली १४ नोव्हेंबरला. पस्तीस दिवस असेच गेले. मग खोदाई झाली. नकाशात सुटे पाये दाखवले होते, पण अपेक्षेपेक्षा बरीच खोल काळी माती लागली. ५ जानेवारी २०२३ ला ठेकेदाराने हे शाखा अभियंत्याला दाखवलं, काम थांबलं, आणि राफ्टचं नवं संकल्पन हातात पडलं १४ फेब्रुवारीला. आणखी चाळीस दिवस. राफ्टमुळे खर्च सत्तावीस लाखांनी वाढला. नवा नकाशा आल्यावर सळई यायला अकरा दिवस गेले. पुढे सेंटरिंगवाल्याची टोळी अर्ध्यात निघून गेली, त्यात अठरा दिवस. काम पूर्ण झालं २३ फेब्रुवारी २०२४ ला, म्हणजे मूळ तारखेनंतर १३७ दिवसांनी.

पहिल्या अडथळ्यापासून सुरुवात करू. तो सुरू झाला १० ऑक्टोबरला, कारण त्याच दिवसापासून मुदत चालू झाली. तीस दिवस भरतात ९ नोव्हेंबरला. जागा मिळाली १४ नोव्हेंबरला. म्हणजे अर्जाची मुदत अडथळा चालू असतानाच संपते. जागा मिळाल्यावर एकूण किती दिवस गेले ते मोजून अर्ज करू, असं म्हणणारा ठेकेदार इथेच चुकतो. दुसऱ्या अडथळ्याचंही तसंच. ५ जानेवारीपासून तीस दिवस ४ फेब्रुवारीला भरतात आणि संकल्पन येतं १४ ला. म्हणून पहिला अर्ज दिवसांचा आकडा न घालता द्यायचा असतो. त्याला फार शब्दही लागत नाहीत:

‘उपरोक्त कामाच्या पायाच्या खोदाईत नकाशात दर्शविलेल्या खोलीवर योग्य स्तर लागला नसून काळी माती आढळली आहे. याबाबत दि. ५ जानेवारी रोजी जागेवर संयुक्त पाहणी झाली. सुधारित संकल्पन प्राप्त होईपर्यंत पायाचे काम करता येत नाही. अडथळा अद्याप चालू आहे. कराराच्या कलम ६ अन्वये मुदतवाढ मिळावी. अडथळा दूर झाल्यावर दिवसांचा तपशील सादर करीत आहोत.’

हे पत्र आवक शाखेत देऊन पोच घ्यायची. साहेबांच्या मोबाइलवर पाठवलेला फोटो कलमाला पुरत नाही. अडथळा दूर झाला की आठवड्याभरात दुसरं पत्र, त्यात ५ जानेवारी ते १३ फेब्रुवारी, चाळीस दिवस, आणि सोबत साइटवरच्या अडथळा नोंदवहीची प्रत. या नोंदवहीत अडथळा कधी आला, कधी गेला आणि कुठलं काम अडलं, हे लिहून शाखा अभियंत्याची सही त्याच आठवड्यात घ्यावी. वर्षभराने एका बैठकीत, एकाच शाईने भरलेली नोंदवही तपासणाऱ्याला लगेच ओळखू येते. तोवर शाखा अभियंत्याची बदलीही झालेली असते आणि नवा माणूस जुन्या नोंदीवर सही करायला तयार नसतो.

तीस दिवस उलटून गेले असतील तर? तरीही अर्ज द्यावा. विभाग असे अर्ज विचारात घेतो आणि मुदतवाढही देतो, पण आता तो उपकार ठरतो, आणि नाकारायला एक तयार कारण समोरच्याच्या हाती असतं. इतर नमुन्यांमध्ये हा भाग याहून कडक आहे. परदेशी कर्जाच्या मोठ्या प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या २०१७ च्या आवृत्तीत अठ्ठावीस दिवसांत सूचना दिली नाही तर हक्कच जातो.

तिसरी गोष्ट राफ्टची. सत्तावीस लाखांचं तीन कोटींशी प्रमाण नऊ टक्के. ३६५ दिवसांचे नऊ टक्के म्हणजे तेहतीस दिवस. हे कलम १४ चे दिवस, आणि ते संकल्पनाची वाट पाहण्याच्या चाळीस दिवसांपेक्षा वेगळे आहेत. चाळीस दिवस निर्णय नव्हता म्हणून गेले. तेहतीस दिवस वाढीव काम करायला लागणारा वेळ म्हणून. दोन्ही मागता येतात, फक्त प्रत्येक कुठल्या कलमाखाली आणि कशासाठी हे वेगळं लिहायला हवं. एकाच अर्जात दोन्हींची मिळून बेरीज टाकली, की तपासणारा साहजिकच विचारतो की बदलाचे दिवस दोनदा का मोजले.

खर्चाच्या प्रमाणात वेळ देण्याच्या या पद्धतीत एक खोट आहे. महागडी बाब झटपट होते आणि तिच्यावर भरपूर दिवस मिळतात. उलट स्वस्त बाब फार वेळ खाते. शाळेला लागून कठीण खडक लागला, सुरुंग लावता येत नाही, ब्रेकरने फोडत बसायचं, तर खर्चाच्या प्रमाणात तीन दिवस मिळतील आणि प्रत्यक्षात पंधरा जातील. अशा वेळी फक्त १४ वर विसंबू नये. उरलेल्या बारा दिवसांसाठी सहाव्या कलमातल्या ‘अन्य कारणा’चा आधार घेऊन, ब्रेकरच्या रोजच्या नोंदी जोडून, तीस दिवसांच्या आत वेगळा अर्ज करावा.

सळईचे अकरा दिवस हा खरा वादाचा भाग. राफ्टला कुठल्या व्यासाच्या किती सळया लागणार हे नवं संकल्पन येईपर्यंत कळणं शक्य नव्हतं, हे म्हणणं बरोबर आहे. पण ते टिकतं कधी? पुरवठादाराला मागणी १५ फेब्रुवारीला गेल्याचं पत्र असेल तर. मागणीच २१ फेब्रुवारीला, आधीचं बिल जमा झाल्यावर गेली असेल, तर अडथळा संकल्पनाचा नव्हता, पैशांचा होता, आणि तो ठेकेदाराचा. या उदाहरणात तसंच झालं असं धरू. सेंटरिंगचे अठरा दिवस तर उघडच त्याचे. जुलैच्या पावसाचे दिवसही मागता येणार नाहीत, कारण मुदत पावसाळा धरून दिलेली होती. मात्र विभागाच्या पंचाहत्तर दिवसांमुळे एप्रिलमध्ये व्हायची जोत्याची भर जूनअखेरीला ढकलली गेली आणि पावसात ती बंद पडली, असं घडलं असतं, तर ते दिवस पावसाच्या नावाने न मागता त्या दोन अडथळ्यांचा परिणाम म्हणून मागायचे असतात. त्यासाठी सुरुवातीला दिलेला कामाचा कार्यक्रम हाताशी लागतो. तो नसेल तर एप्रिल की जून हे सिद्ध करायला काहीच उरत नाही.

एवढं करून झाल्यावर हिशेब असा दिसतो. पस्तीस, चाळीस आणि तेहतीस मिळून १०८ दिवस मागता येतात. तारीख ९ ऑक्टोबर २०२३ वरून २५ जानेवारी २०२४ वर जाते. काम संपलं २३ फेब्रुवारीला, म्हणून एकोणतीस दिवस ठेकेदाराच्या पदरात राहतात.

आणि इथे दुसऱ्या कलमाची ती मर्यादा पुन्हा समोर येते. मुदतवाढ अजिबात न मागता १३७ दिवसांचा दंड पूर्ण दराने लावला तर तीस लाख. १०८ दिवस मंजूर होऊन एकोणतीस दिवसांचा लावला तरी एकोणतीस गुणिले तीन म्हणजे सत्त्याऐंशी लाख, मर्यादेमुळे पुन्हा तीसच लाख. मग पत्रं लिहायची, नोंदवही भरायची, संबंध ताणायचे कशाला? असं विचारणारे ठेकेदार आहेत, आणि त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुठल्याही सारांशात या प्रश्नाचं उत्तर नसेल तर तो सारांश ठेकेदाराच्या कामाचा नाही.

उत्तराचा पहिला भाग कलम २ मध्येच आहे: ‘किंवा त्याहून कमी रक्कम’. प्रत्यक्षात दंडाचा दर अधीक्षक अभियंता ठरवतात, आणि ठरवताना त्यांच्यापुढे फाइल असते. १३७ दिवसांपैकी १०८ दिवस विभागाचे होते हे मंजूर कागदावर असेल, तर उरलेल्या एकोणतीस दिवसांसाठी संपूर्ण दहा टक्के लावणं त्यांनाही अवघड जातं, आणि लावलेच तर ते न्यायालयात टिकवणंही अवघड जातं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. १९६३ च्या फतेहचंद खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण धरलं आहे, आणि २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात स्पष्ट केलं की मुळात नुकसान झालेलं असावं लागतं, आणि ते सिद्ध करता येण्यासारखं असेल तर सिद्ध करावं लागतं. याचा अर्थ सरकारला दर वेळी नुकसानाचा पैन्‌पै हिशेब द्यावा लागेल असा घेऊ नये. सार्वजनिक इमारत उशिरा मिळाल्याचं नुकसान रुपयांत मांडणं कठीण असतं, आणि अशा ठिकाणी आधी ठरवलेली रक्कम प्रामाणिक अंदाज असेल तर ती मान्य होऊ शकते, हे २००३ च्या सॉ पाइप्स निकालात आहे.

दुसरा भाग भाववाढीचा. ज्या करारात भावातल्या चढउताराचं कलम आहे, तिथे भाववाढ किती काळासाठी मिळणार हे मुदतवाढीच्या कारणावर ठरतं. ठेकेदाराच्या चुकीमुळे द्यावी लागलेली मुदतवाढ त्या काळात धरली जात नाही. म्हणून नुसती तारीख वाढवून मिळणं पुरेसं नाही. आदेशात कारण काय लिहिलंय हे महत्त्वाचं. ‘ठेकेदाराच्या विनंतीवरून मुदतवाढ’ एवढंच लिहिलेला आदेश पाहून समाधानाने फाइल बंद करणाऱ्याला सिमेंट-सळईच्या वाढलेल्या भावाचा फरक गमवावा लागू शकतो. मुदतवाढ मिळाली, दंडही लागला नाही, आणि तरी नुकसान झालं, असं होतं ते इथेच.

तिसरा भाग करार रद्द होण्याच्या भीतीचा. यासाठी नाशिकचं एक जुनं प्रकरण माहीत असावं. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडणाऱ्या जलसेतूचं काम हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स यांना मिळालं होतं. मुदत ५ जुलै १९५५ पासून बारा महिने. काम त्यात संपलं नाही आणि ऑगस्ट १९५६ मध्ये कार्यकारी अभियंत्याने करार रद्द केला. वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९७९ मध्ये निकाल लागला. करारात मुदत लिहिलेली असली, तरी त्याच करारात एका कलमाने उशिराचा दंड आणि दुसऱ्याने मुदतवाढ दिलेली आहे. तेव्हा ठरलेल्या तारखेलाच काम संपलं नाही तर करारच संपला, असा पक्षांचा हेतू धरता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. नवी वाजवी मुदत ठरवून, ती पाळलीच पाहिजे अशी नोटीस दिल्याशिवाय केलेला रद्दबातल आदेश चुकीचा ठरला. ती कलमं होती २ आणि ६, तीच जी आजच्या बी-१ मध्ये आहेत. या निकालाने दंड माफ होत नाही. पण मुदत संपल्यावर काम चालू असताना, मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना, अचानक करार रद्द करून अनामत जप्त करण्याला तो आडवा येतो. अर्ज दिलेलाच नसेल तर तेवढाच आधार कमी होतो.

आणखी एक शंका नेहमी येते. कार्यकारी अभियंत्याचा निर्णय अंतिम, अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम, दाखला निर्णायक, असं जागोजागी लिहिलंय. मग भांडून उपयोग काय? २०११ मध्ये जे. जी. इंजिनिअर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इथे एक रेघ ओढली. दंडाची रक्कम किती हे ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला करार देऊ शकतो, पण उशीर कोणामुळे झाला, करार कोणी मोडला, हा प्रश्न त्याच करारातला एक पक्ष स्वतःच अंतिमपणे ठरवू शकत नाही. त्यामुळे उशीर कुणाचा हे दाखवणारे कागद त्याच दिवसांत तयार होणं याला किंमत आहे. रकमेचा वाद तुलनेने लवकर संपतो. जबाबदारीचा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि तो नोंदवही व आवक क्रमांकांवर लढला जातो.

उरला पैशांचा प्रश्न, आणि इथे मात्र मुदतवाढीकडून फार अपेक्षा करू नये. मुदतवाढ दंडापासून वाचवते. पस्तीस दिवस चौकीदार, मिक्सर, कार्यालय बसून राहिल्याचा खर्च ती देत नाही. तो मागायचा असेल तर करार कायद्याचं कलम ५५ लक्षात ठेवावं लागतं. समोरच्याच्या उशिरामुळे वाढलेली मुदत स्वीकारताना भरपाईचा हक्क राखून ठेवल्याची सूचना त्याच वेळी दिली नाही, तर पुढे ती मागता येत नाही. अनेक ठिकाणी मुदतवाढीच्या प्रस्तावासोबत हमीपत्र मागतात, की या मुदतवाढीमुळे कोणतीही नुकसानभरपाई मागणार नाही. पुष्कळ जण ते वाचल्याशिवाय सही करतात. पुढे ‘दबावाखाली सही केली’ असं म्हणता येतं, पण ते सिद्ध करावं लागतं आणि सहीची तारीख मात्र लगेच सिद्ध असते. आमच्या उदाहरणातल्या ठेकेदाराचा बसून राहिल्याचा खर्च समजा साडेतीन लाख असेल आणि तीस लाखांचा दंड टळणार असेल, तर त्याने हमीपत्रावर सही करणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. मात्र तो निर्णय म्हणून घ्यावा, फाइलीतला आणखी एक कागद म्हणून नव्हे. सही करायची नसेल तर प्रस्तावाच्या पत्रातच एक ओळ घालावी, की भरपाईचा हक्क राखून ही मुदतवाढ मागत आहोत.

मग मागावी की नाही? या उदाहरणात माझं मत स्पष्ट आहे: १०८ दिवस मागावेत, तीन वेगळ्या अर्जांनी, आणि उरलेले एकोणतीस दिवस कुठल्यातरी अडथळ्यात मिसळून १३७ करण्याचा मोह टाळावा. सळई आणि सेंटरिंगचे दिवस संकल्पनाच्या खात्यावर टाकले की तपासणारा आधी तेच दिवस पकडतो, आणि मग खऱ्या चाळीस दिवसांवरही त्याचा विश्वास राहत नाही. त्या एकोणतीस दिवसांसाठी वेगळा, साधा अर्ज करावा. त्यात कारण खरं लिहावं, आणि काम पूर्ण झालंय, इमारत वापरात आली आहे, विभागाचं नुकसान झालेलं नाही किंवा नगण्य झालंय, एवढं मांडून कलम २ खालची ‘कमी रक्कम’ आकारण्याची विनंती करावी.

मागू नये अशीही परिस्थिती असते. अडथळा असलेली बाब कामाच्या मुख्य साखळीवर नसेल, म्हणजे कुंपणभिंतीची आखणी वीस दिवस अडली पण त्या काळात स्लॅबचं काम सुरळीत चालू होतं, तर वीस दिवसांची मागणी टिकणार नाही. अशा वेळी अडथळा नोंदवहीत नोंद करून ठेवावी आणि अर्ज न करता पुढे जावं. पुढे कुंपणभिंतच शेवटची राहिली आणि तिच्यामुळे इमारत सोपवणं अडलं, तर अर्जाचं कारण त्या दिवशी घडलेलं असतं, आणि तीस दिवस त्या दिवसापासून मोजता येतील असा युक्तिवाद करायला ती नोंद हाताशी राहते.

कराराचा सारांश काढायचाच असेल तर तो कलमवार काढू नये. कलमवार सारांश वाचायला नीटस दिसतो, पण साइटवर घटना कलमांच्या क्रमाने घडत नाहीत. एका कागदावर प्रत्येक घटनेची एक ओळ असावी. घटना सुरू झाल्याची तारीख, तिला तीस दिवस जोडून आलेली तारीख, अडलेलं काम, कुठलं कलम, दिवस, पुराव्याचा कागद कुठे आहे, आणि शेवटच्या रकान्यात भाववाढीसाठी हे कारण कुणाच्या खात्यावर जातं. दुसऱ्या रकान्यातली तारीख लाल शाईने लिहावी. आठवड्याच्या बिलाच्या बैठकीत साइट सुपरवायझरने हा कागद समोर ठेवायचा, आणि येत्या सात दिवसांत येणाऱ्या लाल तारखांची पत्रं त्याच दिवशी आवक शाखेत पोचवायची.